कांद्याच्या मथळ्यांचा सेंटिमेंट स्कोअर रोजच्या अलर्टमध्ये घ्यावा का? (लासलगाव, फेब्रुवारी 2024 चा विदा तपासताना)

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. निफाड आणि चांदवड तालुक्यांतल्या सभासदांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. तो रोज संध्याकाळी लासलगाव, पिंपळगाव आणि विंचूरची कांद्याची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर गोळा करतो. मागच्या पंधरवड्याच्या सरासरीपेक्षा आकडा फार वेगळा दिसला तर व्यवस्थापकांच्या मोबाइलवर मेसेज जातो. गाडी कधी भरायची आणि किती माल काढायचा, हे तेच ठरवतात. प्रोग्रॅमचं काम फक्त नजर ठेवायचं.

आता संचालकांची इच्छा आहे की यात बातम्याही याव्यात. म्हणून चाचणीपुरतं असं केलंय: काही मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या RSS फीडमधून मथळे घ्यायचे, कांद्याचे तेवढे गाळायचे, मराठी असतील तर मशीनकडून इंग्रजीत भाषांतर करून घ्यायचं, VADER ने प्रत्येक मथळ्याला -1 ते +1 मधला स्कोअर द्यायचा आणि दिवसाची सरासरी काढायची. सरासरी ठरावीक पातळीखाली गेली की अलर्ट.

तपासायला फेब्रुवारी 2024 चा विदा घेतला, कारण तेव्हाचा घटनाक्रम आपल्याकडे सगळ्यांना आठवत असेल. निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 पासून लागू होती, मुदत 31 मार्चपर्यंत. रविवारी, 18 फेब्रुवारीला बंदी उठल्याच्या बातम्या सुरू झाल्या. लासलगावचा सर्वसाधारण दर शनिवारी, 17 तारखेला क्विंटलला 1,280 रुपये होता, तो सोमवारी, 19 तारखेला 1,800 झाला. म्हणजे एका व्यवहारात 40 टक्क्यांहून जास्त वाढ. मंगळवारी, 20 तारखेला ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, ती लागू आहे.

माझ्या स्कोअरने या तीन दिवसांत काय दाखवलं? रविवारी ऋण, सोमवारी ऋण, मंगळवारीही ऋण, आणि आकडे एकमेकांच्या जवळपास. बंदी उठल्याची बातमी आणि न उठल्याची बातमी त्याला सारखीच वाटली. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा दोष भाषांतराचा, VADER चा, की मुळात ही पद्धतच इथे चालत नाही? आणि यातून नजर ठेवायला उपयोगी असं काही काढता येईल का?

---

येवलेकर तात्या

भाऊ, मला प्रोग्रॅममधलं कळत नाही, पण लिलावाच्या ओट्यावर वर्षं गेली म्हणून लिहितो. "कांदा गडगडला" हा मथळा कधी येतो? सकाळच्या सत्रात दर पडला की दुपारी वेबसाइटवर, आणि दुसऱ्या दिवशी छापील पेपरात. म्हणजे दर पडल्यामुळे बातमी आली. तुमच्याकडे तोच दर आकड्यात आधीच आलेला असतो. मग मथळ्याने नवीन काय सांगितलं? दर पडला हे तुम्ही एकदा आकड्यातून मोजलं आणि पुन्हा शब्दांतून मोजलं.

18 फेब्रुवारीचं वेगळं होतं. रविवार, लिलाव बंद. बातमी आधी आली आणि भाव नंतर हलला. तशा बातम्या वर्षाला मोजक्या असतात. निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य, बंदी, नाफेडची खरेदी, लिलाव बंदचा निर्णय. या दोन प्रकारांची सरासरी करू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

शून्य_ते_एक

दोष VADER चा आहे, सरळ आहे. तो इंग्रजी सोशल मीडियासाठी केलेला शब्दकोश आहे. त्यात ban हा शब्द वाईट म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे "ban lifted" लाही तो ऋणच देणार. भाषांतर सोडा, मराठीवर शिकवलेलं मॉडेल घ्या. पुण्याच्या L3Cube गटाने L3CubeMahaSent नावाचा मराठी सेंटिमेंटचा विदासंच 2021 मध्येच दिलाय, त्यावर शिकवलेली मॉडेलं फुकट मिळतात. मॉडेल पूर्ण वाक्य वाचतं, "उठवली" आणि "उठवली नाही" यातला फरक त्याला कळतो. हे बदललं की तुमचा प्रश्न सुटला.

---

मीरा सिन्नर

बरीच वर्षं माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या कामात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शून्य_ते_एक यांचं VADER बद्दलचं निदान बरोबर आहे. आणखी एक बारकावा त्यात जोडते. VADER नकार शोधतो तो भावनेच्या शब्दाच्या *आधीच्या* तीन शब्दांत. "Ban not lifted" मध्ये not हा ban च्या नंतर येतो, म्हणून ban चं चिन्ह उलटतच नाही. मराठीत तर नकार वाक्याच्या शेवटी बसतो: "निर्यातबंदी उठवलेली नाही". मागे वळून पाहणारा नियम आपल्या भाषेत फारसा कामाचा नाही. धागाकर्त्यांना तीनही दिवस ऋण दिसलं ते यामुळेच.

पण मॉडेल बदलून प्रश्न सुटत नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. L3CubeMahaSent हा ट्विटचा संच आहे, तेही मुख्यतः राजकीय व्यक्तींच्या. ट्विटमध्ये लिहिणारा स्वतःचं मत सांगतो. मथळ्यात उपसंपादक घटना सांगतो, आणि ती कुणाच्या तरी बाजूने सांगतो. हे दोन मथळे बघा (नमुन्याचे आहेत, पण असे आपण रोज वाचतो):

"कांदा दरात मोठी घसरण, ग्राहकांना दिलासा"
"कांदा दरात मोठी घसरण, उत्पादक हवालदिल"

घटना एकच. पहिल्याला चांगलं मॉडेल धन देईल, दुसऱ्याला ऋण देईल, आणि दोन्ही वेळी मॉडेलचं चुकलेलं नसेल. मुंबई आवृत्तीत पहिला मथळा लागतो, नाशिक आवृत्तीत दुसरा. दोन्ही फीड तुमच्याकडे असतील तर सरासरी शून्याच्या आसपास येणार, आणि त्या दिवशी बाजार कोसळलेला असणार. "कांद्याने रडवले" हा तर दर वाढले तरी लागतो आणि पडले तरी लागतो. आधी गिऱ्हाईक रडतं, नंतर शेतकरी.

म्हणून मॉडेलला प्रश्नच वेगळा विचारावा लागतो. "हा मथळा चांगला की वाईट" असं विचारू नका. "निफाडच्या उत्पादकाला मिळणारा दर या बातमीने वर जाईल, खाली जाईल, की बातमी दराबद्दल नवीन काहीच सांगत नाही" असं विचारा. या प्रश्नाची उत्तरं लिहिलेला तयार संच बाजारात नाही, तो तुम्हालाच बनवावा लागेल. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता काही शे मथळ्यांवर खुणा करायच्या आणि मग ताडून बघायचं. माणसांचंच जिथे जमत नाही तिथे मॉडेलकडून अपेक्षा ठेवू नये.

इंग्रजीत, वित्त क्षेत्रातही हे झालेलं आहे. Loughran आणि McDonald यांनी 2011 मध्ये दाखवलं की सर्वसाधारण यादीतले ऋण ठरवलेले जवळपास तीन चतुर्थांश शब्द कंपन्यांच्या अहवालांत ऋण नसतातच. tax, cost, liability हे तिथले रोजचे शब्द. आपल्याकडे "आवक वाढली" हे शब्दकोशाला चांगलं वाटेल. उत्पादकाला ते कसं वाटतं ते तात्या सांगतील.

---

चाळभर

नमस्कार. आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत आहे, सड सुरू झालीय. या प्रोग्रॅमच्या हिशोबाने पुढच्या आठवड्यात भाव वाढेल का? काढावा की थांबावं?

---

गोदाकाठचा

@चाळभर, दादा, हा प्रोग्रॅम भाव सांगत नाही. काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं घडतंय का, एवढंच दाखवायचा प्रयत्न आहे. सड सुरू झाली असेल तर चाळीतला खराब माल निवडून बाजूला काढणं थांबवू नका. विक्रीचं मात्र तुमच्या कंपनीशी किंवा आडत्याशी बोलून ठरवा.

@तात्या, तुमचं म्हणणं तपासून पाहिलं. आजच्या स्कोअरचा संबंध आधी कालच्या दरफरकाशी लावला, मग आजच्या, मग उद्याच्या. कालच्या आणि आजच्या फरकाशी तो चांगला जुळतो, उद्याच्या फरकाशी जवळजवळ नाहीच. म्हणजे स्कोअर बहुतेक दिवस दराच्या मागून चालतो. तुम्ही ओट्यावर बसून जे सांगितलं तेच आकड्यांत दिसलं.

@मीराताई, "कुणाच्या दृष्टीने" हा मुद्दा पटला. तुमच्या सांगण्यावरून एक वेगळा विचार केला. धन-ऋण बाजूलाच ठेवायचं आणि आधी बातमीचा दर्जा ओळखायचा. बंदी उठवली, उठवणार, उठणार?, उठवा, उठवलेली नाही. सगळा अर्थ क्रियापदाच्या शेपटीत आहे. कच्चा नियम असा लिहिलाय:

```python
import re
def darja(m):
    if re.search("नाही|कायम|खंडन", m): return "खंडन"
    if "?" in m or re.search("णार|शक्यता|सूत्र", m): return "चर्चा"
    if re.search("मागणी|उठवा", m): return "मागणी"
    return "घोषणा"
```

18 ते 20 फेब्रुवारीच्या मथळ्यांवर हा VADER पेक्षा नक्कीच बरा चालला. 20 तारखेला "खंडन" वेगळं दिसलं.

---

मीरा सिन्नर

दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी हात घालते.

"निर्यातबंदी कायमची उठवा" हा मथळा तुमच्या नियमात घालून बघा. "कायम" सापडलं म्हणून तो "खंडन" ठरेल, आणि ती तर आंदोलकांची मागणी आहे. मागणीचा नियम वर घेतलात तर "मागणी फेटाळली, निर्यातबंदी कायम" हा मथळा "मागणी" ठरेल. क्रम बदलून हे मिटत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. काहीच जुळलं नाही तर तुम्ही "घोषणा" परत देताय. म्हणजे जे कळलं नाही ते सगळं सगळ्यात वरच्या दर्जात टाकताय. तिथे "माहीत नाही" असं परत द्या आणि तो मथळा जसाच्या तसा माणसासमोर ठेवा. "घोषणा" म्हणायला स्वतंत्र पुरावा हवा: अधिसूचना, राजपत्र, DGFT, "जाहीर केले" असं काहीतरी. रोजच्या कांद्याच्या मथळ्यांत न कळलेले फार नसतात. व्यवस्थापक चहा घेता घेता वाचू शकतात.

---

द्राक्षबाग दिंडोरी

आमचा अनुभव सांगतो. आम्ही द्राक्षासाठी असंच काहीसं करून पाहिलं होतं, पावसाच्या बातम्यांवर. "जिल्ह्यात दमदार पाऊस" हा मथळा जूनमध्ये आनंदाचा. तोच ऑक्टोबर छाटणीनंतर आला तर डाऊनीची भीती, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर मणी तडकायची. शब्द एकच, महिना बदलला की चिन्ह बदलतं. आणि "नाशिकला गारपिटीचा तडाखा" म्हटलं तरी गारांचा पट्टा अरुंद असतो, एका शिवारात बाग झोपते आणि दोन गावं सोडून काही नसतं. शेवटी आम्ही मथळे सोडून दिले आणि गावातल्या माणसांना फोन करू लागलो.

कांद्यालाही महिन्याचं गणित लागू असेल ना? लाल कांद्याच्या हंगामातला मथळा आणि उन्हाळ कांद्याच्या हंगामातला मथळा यांचं वजन सारखं कसं?

---

येवलेकर तात्या

लागू आहेच. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. त्या दिवसांत बंदीची बातमी आली तर थांबायची सोय नसते, म्हणून भाव एका दिवसात हलतो. उन्हाळ कांदा चाळीत असला तर शेतकरी दोन दिवस वाट बघतो. फेब्रुवारी 2024 ची बातमी आली तेव्हा बाजारात लाल आणि रांगडाच होता. उन्हाळ अजून जमिनीत होता.

मीराताई, "आवक वाढली" हे आम्हाला कधीच चांगलं वाटत नाही. पण सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवक वाढतेच, त्याचा कुणी धसका घेत नाही.

---

शून्य_ते_एक

ठीक आहे, दृष्टिकोनाचा मुद्दा मान्य. पण एक गोष्ट कुणी काढली नाही. त्या तीन दिवसांत किती मथळे एकाच वृत्तसंस्थेच्या बातमीवरून आले असतील? एकच बातमी दहा वेबसाइटवर जाते आणि तुमची सरासरी दहा मतं धरते. आधी नकला काढा. दोन मथळ्यांतले सारखे शब्द मोजा, 70 टक्क्यांच्या वर साम्य असेल तर एकच ठेवा. हे सोपं आहे आणि हमखास चालतं.

---

मीरा सिन्नर

नकला काढायलाच हव्यात, याला पूर्ण सहमती. पण या पद्धतीने काढल्या तर याच प्रसंगात काय होतं ते मांडून बघू.

"केंद्राने कांदा निर्यातबंदी उठवली": चार शब्द.
"केंद्राने कांदा निर्यातबंदी उठवली नाही": पाच शब्द.

दोन्हींत मिळून वेगवेगळे शब्द पाच, त्यांतले सामाईक चार. साम्य 4 भागिले 5, म्हणजे 80 टक्के. तुमची मर्यादा 70. दुसरा मथळा नक्कल म्हणून गाळला जाईल, आणि तो 20 फेब्रुवारीचा खुलासा आहे. व्यवस्थापकांच्या मोबाइलवर "उठवली" तेवढं राहील. साऱ्या घटनाक्रमात ज्या एका मथळ्यासाठी नजर ठेवायची, तोच हरवेल. अर्थावर आधारलेलं साम्य मोजणारी मॉडेलं घेतली तरी बातमी आणि तिचा इन्कार एकमेकांना फार जवळचे वाटतात, कारण विषय तोच असतो.

यावर उपाय म्हणजे आधी दर्जा ठरवा आणि मग *त्याच दर्जाच्या* मथळ्यांमध्ये नकला शोधा. "खंडन" हे "घोषणे"ची नक्कल कधीच धरू नका. आणि काढलेल्या नकला फेकू नका, किती होत्या ते लिहून ठेवा. एक बातमी किती ठिकाणी गेली ही माहितीही कामाची असते, फक्त ती वेगळ्या रकान्यात ठेवा, स्कोअरमध्ये मिसळू नका.

---

सातपूर_शिफ्ट

मी कारखान्यातल्या यंत्रांच्या अलर्टवर काम करतो. कांद्याशी संबंध खाण्यापुरता, पण नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं दुखणं सगळीकडे सारखं असतं, म्हणून दोन गोष्टी विचारतो.

पहिली: ज्या दिवशी कांद्याचा एकही मथळा आला नाही त्या दिवशी तुमचा स्कोअर काय असतो? शून्य ठेवत असाल तर "सगळं शांत आहे" आणि "फीड बंद पडलं आहे" यात काही फरक उरत नाही. वेबसाइटवाले न सांगता फीडचा पत्ता बदलतात. आमच्याकडे सेन्सर तुटला की शून्य दाखवायचा आणि सगळे निवांत असायचे, ते बंद करून घेतलं. रिकाम्या दिवसाला रिकामंच ठेवा, आणि प्रत्येक फीडकडून शेवटचा मथळा कधी आला (कांद्याचा नव्हे, कुठलाही) यावर वेगळा अलर्ट लावा.

दरांचंही तसंच. ऑगस्ट 2023 मध्ये 19 तारखेला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, त्यानंतर व्यापाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात लिलाव काही दिवस बंद ठेवले होते. त्या दिवसांचा दर तुमच्या प्रोग्रॅमने आदल्या व्यवहाराचाच पुढे ओढला असेल, तर आलेखात दर अगदी स्थिर दिसेल. मथळ्यांत गदारोळ आणि दर सपाट. असं बघून कुणीही म्हणेल की बातम्यांचा दरावर परिणाम होत नाही.

दुसरी: वेळ. RSS मधला `pubDate` नीट बघितलात का? `Sun, 18 Feb 2024 20:10:00 GMT` म्हणजे आपल्याकडे 19 तारखेचे पहाटेचे 1 वाजून 40 मिनिटं. तारीख तशीच उचलली तर सोमवारची बातमी रविवारात जाते. काही फीड `+0530` लिहितात, काही लिहितात GMT आणि वेळ देतात भारतीय. शिवाय मथळा नंतर बदलतो आणि वेळ जुनीच राहते. सकाळी "बंदी उठली" असलेला दुवा संध्याकाळी "बंदी उठली की नाही?" झालेला असतो. तुम्ही फेब्रुवारी 2024 चा विदा आज गोळा केलाय ना? मग तुम्हाला बदललेले मथळे मिळाले असण्याची शक्यता मोठी आहे. 18 तारखेच्या रात्री माणसाला नेमकं काय दिसलं असतं, ते त्या विद्यात नाही.

---

गोदाकाठचा

@सातपूर_शिफ्ट, शेवटच्या मुद्द्याने विचारात पाडलं. जुना विदा खरंच आताच गोळा केलेला आहे, म्हणजे त्यावरची कुठलीही चाचणी प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसणार. यापुढे दर अर्ध्या तासाने मथळा जसा दिसेल तसा, आपल्या घड्याळाच्या वेळेसकट साठवतो आणि जुन्या ओळीवर कधीच लिहीत नाही. त्याच दुव्याचा मथळा बदलला तर नवीन ओळ. रिकाम्या दिवसाचा शून्य आजच काढला.

हे करताना गाळणीतलं एक सापडलं, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. फक्त "कांदा" शोधलं तर "कांद्याचे", "कांद्याला" सुटतात, कारण तिथे द ला य जोडलेला असतो. म्हणून "कांद" एवढंच शोधलं, तर नांदगावचे आमदार सुहास कांदे यांच्या सगळ्या राजकीय बातम्या आत आल्या. शिवाय "कांद्याचे आरोग्यदायी फायदे" आणि भजीची पाककृती. निवडणुकीच्या दिवसांत हा स्कोअर कांद्याचा नसून राजकारणाचा झाला असता. आता "कांद" सोबत दर, भाव, निर्यात, लिलाव, आवक, नाफेड यांतला एक तरी शब्द हवा अशी अट घातलीय.

आणि Python वापरणाऱ्यांनी हे बघा:

```python
>>> re.findall(r"\w+", "कांदा")
['क', 'द']
```

नेहमीच्या `re` मध्ये `\w` ला काना, मात्रा, अनुस्वार अक्षर वाटत नाहीत, तो शब्द तिथेच तोडतो. scikit-learn चा शब्द तोडायचा मूळ नमुनाही `\w` वरच आहे. मराठी मथळ्यांवर तो तसाच चालवला तर शब्दांचे तुकडे मोजले जातात आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. मी विरामचिन्हं काढून सरळ `split()` करतो. `regex` नावाचं वेगळं पॅकेज वापरलं तरी जमतं.

---

मीरा सिन्नर

छान. कांदे आडनावाचं माझ्याही लक्षात आलं नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते दिवसाच्या सरासरीवर अलर्ट लावणं सोडून द्या. "आज धोरणाबद्दल नव्या दर्जाचा मथळा आला का" यावर लावा. काल फक्त "मागणी" होती आणि आज "चर्चा" आली, हा बदल महत्त्वाचा. "चर्चा" होती आणि "खंडन" आलं, त्याहून महत्त्वाचा. मेसेजमध्ये आकडा नको, मूळ मथळा, कुणी दिला, किती वाजता दिसला आणि त्याच्याशी विरोधी मथळा आहे का, एवढं द्या. 18 फेब्रुवारीला व्यवस्थापकांना असा मेसेज गेला असता: "बंदी उठल्याच्या बातम्या. अधिसूचना दिसत नाही." यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच कामाचं आहे.

---

शून्य_ते_एक

मग बातम्या कशाला? DGFT च्या संकेतस्थळावर अधिसूचना आली की अलर्ट द्यायचा. 8 डिसेंबर 2023 ची बंदी तिथूनच लागू झाली, 4 मे 2024 ला ती उठली तीही अधिसूचनेनेच, टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य लावून. सप्टेंबर 2024 मध्ये हे किमान मूल्य काढलं आणि शुल्क 40 वरून 20 टक्के केलं, तेही कागदावरच. अफवा आपोआप गळतात. मला तर आता मथळ्यांचा सगळा खटाटोपच अनावश्यक वाटतो.

---

येवलेकर तात्या

नाही पटलं. 19 फेब्रुवारीला कागद कुठे होता? कागद नसताना 1,280 चे 1,800 झाले. त्या दिवशी ज्याने ट्रॉली आणली त्याला ते पैसे खरोखर मिळाले, आणि ज्या व्यापाऱ्याने त्या भावाने घेतला त्याच्या गळ्यात तो माल पडला. ओट्यावरचा माणूस कागदाची वाट बघत नाही, मोबाइलवरचा मथळा बघून बोली लावतो. तुम्ही फक्त कागदावर नजर ठेवलीत तर त्या सोमवारी तुमच्या प्रोग्रॅमला भाव का चढला हे कळलंच नसतं.

---

मीरा सिन्नर

तात्यांचं बरोबर आहे आणि शून्य_ते_एक यांचंही पूर्ण चूक नाही. अधिसूचना खरं काय ते सांगते, मथळे लोक काय खरं धरून चाललेत ते सांगतात. दोन्हींत अंतर पडलं की तोच सगळ्यात मोठा अलर्ट. मात्र "सूत्रांच्या माहितीनुसार" आलेल्या मथळ्यावर शेतकऱ्याला मेसेज पाठवावा का, हे मला अजून ठरवता येत नाही. पाठवला तर अफवा आपणच पसरवतो. नाही पाठवला तर व्यापाऱ्याकडे असलेली माहिती शेतकऱ्याला आपणच नाकारतो.

---

सातपूर_शिफ्ट

यावर आमच्याकडचा नियम सांगतो, पटला तर घ्या. अपुष्ट इशारा फक्त निर्णय घेणाऱ्या माणसाला जातो, सगळ्या मजल्याला नाही. त्याने वाचल्याची खूण केली नाही तर ठरावीक वेळाने पुढच्या माणसाला. पण हे चालतं ते इशारे कमी असतात म्हणून. रोज दहा आले की तो माणूस आवाज बंद करून ठेवतो.

---

द्राक्षबाग दिंडोरी

पण निर्णय घेणारा म्हणजे कोण? कारखान्यात मॅनेजर असतो. शेतकरी कंपनीत माल सभासदाचा, आणि आणायचा की नाही हे तो स्वतःच ठरवतो. व्यवस्थापकांना रविवारी रात्री बातमी कळली आणि सभासदांना सोमवारी दुपारी, तर लोक उद्या विचारतील.

---

गोदाकाठचा

हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत ठेवतो, तो माझ्या एकट्याने ठरवायचा नाही.

तोवर एवढं लागू करतोय: दिवसाची सरासरी बंद. दराचं वर्णन करणारे मथळे साठवायचे, पण अलर्टमध्ये घ्यायचे नाहीत. धोरणाचे मथळे दर्जासह, न कळलेले "माहीत नाही" म्हणून माणसासमोर. नकला फक्त त्याच दर्जात. DGFT ची अधिसूचना वेगळ्या रकान्यात, आणि "मथळा आहे, अधिसूचना नाही" हे मेसेजमध्ये स्पष्ट शब्दांत. फीड गप्प झालं तर त्याचा वेगळा इशारा. VADER काढून टाकला. मराठी मॉडेल लगेच घेत नाही, आधी मीराताईंनी सांगितल्याप्रमाणे मथळ्यांवर खुणा करायच्या आहेत.

खुणा करायला दोन माणसं हवीत, एक उत्पादकाच्या बाजूने बघणारा आणि एक बाजार जाणणारा. तात्या, मथळ्यांची यादी कागदावर छापून आणली तर बसाल का?

---

येवलेकर तात्या

बसतो. रविवारी या, लिलाव नसतो. दुसरा माणूस म्हणून विंचूरच्या एका व्यापाऱ्याला विचारतो, त्याचं आणि माझं एकाही मथळ्यावर जमणार नाही, पण तुम्हाला तेच हवंय असं दिसतं. अक्षर जरा मोठं छापा.

---

मीरा सिन्नर

तात्या आणि व्यापारी एकत्र बसवू नका, वेगवेगळ्या खोलीत वेगवेगळ्या प्रती द्या. आणि मथळ्यांसोबत तारीख व त्या दिवसाचा दर छापू नका, नाहीतर दर बघून खूण होते. 18 ते 20 फेब्रुवारीचे मथळे मध्येच, क्रम मोडून टाका.